दारापाशी कुणी हाक मारली नाही

तिचा मला हेवा वाटतो. वाटायचा असं मी म्हणत नाही, कारण तो अजून संपलेला नाही, आणि संपावा म्हणून मी काही खटपटही केलेली नाही.

धुळ्याला कृषी महाविद्यालयाच्या होस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो. होस्टेलात मुलींना गावावरून हाक मारायची पद्धत होती. मी रावेर होते आणि ती दोंडाईचा. खरं तर तिचं गाव दोंडाईच्याच्याही पुढे, रेल्वेतून उतरल्यावर रिक्षाने जावं लागे असं. घरी कोरडवाहू कापूस आणि बाजरी. आमच्याकडे तापीकाठची केळी, बारा महिने पाणी. म्हणजे हेवा कुणी कुणाचा करायचा, तर तिने माझा. पण ती कधी त्या भानगडीत पडली नाही, आणि याचाही मला राग यायचा.

एकच गोष्ट सांगते. परीक्षेच्या आदल्या रात्री मी पुस्तकावर डोकं आपटत असायची आणि ही बाई जेवून, ताट घासून, वेणी घालून झोपायची. तेही तोंडावर पांघरूण घेऊन, दिवा चालू असताना. सकाळी उठून मला विचारायची की झालं का सगळं. निकाल लागला की माझे मार्क तिच्यापेक्षा थोडे जास्त असत. तेवढ्या थोड्याशासाठी मी रात्री जाळल्या आणि तिने झोप काढली. व्यवहार कुणाचा बरा झाला ते मला तेव्हाही कळत होतं.

रेक्टरबाईंचा तर तिच्यावर फारच जीव. एकदा उशिरा आल्याबद्दल त्यांनी आम्हा दोघींना दारातच धरलं. मी कारणं द्यायला लागले, त्या माझं प्रत्येक कारण अर्ध्यावर तोडायला लागल्या, मग माझाही आवाज चढला. ती नुसती उभी होती. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा म्हणाली की चूक झाली, एसटी चुकली होती, उद्यापासून आधीची धरू. बाईंनी तिला आत सोडलं आणि माझ्या घरी फोन केला.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. केळीचा व्यापारी बागेत आला की पहिल्यांदा मालाला नावं ठेवतो. घड उचलून बघेल, तोंड वाकडं करेल, फण्या बारीक आहेत म्हणेल, सालीवर डाग दाखवेल, मागच्या वर्षीच्या मालाबद्दलही दोन वाईट शब्द बोलेल. त्याला माल नको असतो असं मुळीच नाही. भाव पाडायचा असतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हे सगळं थोडा वेळ ऐकून घेत आणि मग त्याचा असा काही उद्धार करत की बागेतले मजूर काम थांबवून ऐकत. शेवटी खांद्यावरचा रुमाल झटकून ‘राहू दे मंग’ म्हणत आणि बांधाकडे चालायला लागत. मागे न बघता. मग मागून हाक यायची, आबा, ओ आबा, थांबा की. आबा आणखी थोडं चालत, मग उपकार केल्यासारखे वळत. सौदा होई, चहा होई, दोघं एकमेकांच्या पोरांची चौकशी करत. मी लहानपणापासून हे पाहिलं. कुणी आपल्याला पाण्यात पाहायला लागलं की ताठ उठायचं आणि चालू पडायचं, त्याची गरज असेल तर तो हाक मारेल, हे माझ्या अंगात दुधाबरोबर गेलं होतं.

पदवी झाल्यावर जळगावातल्या एका कंपनीची जाहिरात आली. ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, केळीची रोपं तयार करणारी कंपनी. रावेर आणि यावल तालुक्यांसाठी क्षेत्र अधिकारी हवा होता, एकच जागा. रोपं घेतलेल्या शेतकऱ्यांच्या बागांत फिरायचं, सल्ला द्यायचा, आणि मुख्य म्हणजे तक्रारी ऐकायच्या. ही नोकरी माझी होती. माझा तालुका, माझं पीक, माझी बोली. आबांनी तर अर्ज पोचायच्या आत पारावर सांगून टाकलं की पोरगी आता बागांची साहेब होणार. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच मला त्या दिवसांत सुचत होतं.

आणि अर्ज दोंडाईच्यानेही केला. मी विचारलं, तुला केळीतलं काय कळतं. ती म्हणाली, चार वर्षं शिकलोच की. मला हसू आलं. बराच वेळ मी हसले, असं तिने मला नंतर सांगितलं.

मुलाखतीला आम्ही एकाच बसने धुळ्याहून जळगावला गेलो. औद्योगिक वसाहतीतलं ऑफिस, बाहेर काचेचं दार, आत फार गार. माझा नंबर आधी होता.

आत दोघं होते. एक बाई, कागद पुढे घेऊन बसलेल्या, त्यांनी मान हलवून बस म्हणून सांगितलं. दुसरे एक गृहस्थ, पन्नाशीचे, खुर्ची अर्धी खिडकीकडे वळवून मोबाइल बघत होते. मी नमस्कार केला तो मोबाइलनेच घेतला. मग तोंड वर न करता म्हणाले, स्वतःबद्दल बोला. मी दोन वाक्यं बोलले असेन, तर म्हणाले, हे अर्जात आहे, अर्जात नाही ते सांगा. मी घरच्या बागेबद्दल सांगायला लागले. ते म्हणाले, बाग वडिलांची, तुम्ही काय केलंत? मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी बाईंना विचारलं की दुपारची गाडी सांगितली का.

तळपायाची आग मस्तकाला जायला एवढं पुरे होतं. पण मी गिळलं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. शेतकरी म्हणतो, तुमच्या रोपांतूनच माझ्या बागेत हरण्या रोग आला, काय सांगाल? हा तर माझ्या घरचाच प्रश्न. हरण्या म्हणजे विषाणूचा रोग, पानावर पिवळट पट्टे येतात, मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं पान, सडतो, झाड वाढत नाही. मी सुरुवात केली की हा रोग मावा पसरवतो, जवळपास काकडी, भोपळा, मिरची असेल तर तिथून येतो. ते मध्येच म्हणाले, म्हणजे शेतकरी खोटारडा? मी म्हटलं, तसं नाही. ते म्हणाले, मग कंपनी खोटारडी? मी म्हटलं, तसंही नाही. ते बाईंकडे बघून हसले. म्हणाले, यांचं काहीच कसं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, रोगट झाड उपटून नष्ट करायचं, माव्यासाठी फवारणी. त्यांनी हात वर केला. पाठ केलंय, म्हणाले. आणि मार्कपत्रक दोन बोटांनी उचलून, त्यावर काही सांडलेलं असावं तसं धरून म्हणाले, हे मार्क कुणाला दाखवायला आणलेत? मला तर नाही वाटत हे तुमचे आहेत.

माझ्या डोळ्यांपुढे आमची बाग आली आणि तिच्यात घड उचलून तोंड वाकडं करणारा तो व्यापारी. पुढचं मी ठरवून केलं नाही, माझ्या पायांनी केलं. मी उठले. त्यांना विचारलं की तुम्ही कधी केळीच्या बागेत पाय तरी ठेवलाय का. मार्कपत्रक त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. ओढणी झटकली. आणि म्हटलं, ‘राहू द्या मग.’

दार फार लांब नव्हतं. मी हळू चालले. कान मागे होते. आता म्हणतील, अहो थांबा, आता म्हणतील, बसा बसा. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हाही मी थोडी थांबले, थोडी म्हणजे दिसेल इतकी. मागे कागद उलटल्याचा आवाज आला. हाक आली नाही.

बाहेरच्या शिपायाने विचारलं, झालं का, मग पुढच्यांना पाठवा. पुढची ती होती. माझं तोंड बघून तिने काय झालं म्हणून खुणेने विचारलं, पण मी मार्कपत्रकाची घडी घालत राहिले. ती आत गेली. दार बंद झालं.

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, मेहरूण तलावाच्या काठावर बसून, भाजलेल्या शेंगा खात. मी शेंगा नुसत्या सोलत होते. तिच्याशीही ते तसेच वागले होते. तोच मोबाइल, तीच खिडकी. तिलाही वाक्य पुरं करू देईनात. तिसऱ्यांदा तोडल्यावर ती म्हणाली, ‘सर, आधीचं उत्तर पूर्ण करू, की नव्या प्रश्नाचं आधी देऊ?’ आणि ते ठरवेपर्यंत गप्प बसली. हरण्याचा प्रश्न तिलाही विचारला. तिने सांगितलं, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, तिथून सुरुवात करीन. रोग कुठून आला ते बाग बघितल्याशिवाय सांगणार नाही. लागवड कधीची, झाडं एकाच बाजूला बाधली की सगळीकडे विखुरली, शेजारी काय पीक आहे, ते बघीन, नमुना तपासायला पाठवीन. ते म्हणाले, म्हणजे तुम्हाला उत्तर येत नाही. ती म्हणाली, आत्ता नाही, बाग बघून देईन. ते म्हणाले, कापसाच्या गावची मुलगी, केळी कधी झाडावर बघितलीय का? ती म्हणाली, कॉलेजच्या प्रक्षेत्रावर बघितलीय, घरी नाही. खरंच होतं ते, त्यात चिडायचं काय?

मग ते गृहस्थ उठले आणि काही न बोलता खोलीबाहेर निघून गेले. बाई लिहीत राहिल्या. ही बसून राहिली. खिडकीतून मागच्या बाजूची रोपांची हरितगृहं दिसत होती म्हणे, ती बघत बसली. बऱ्याच वेळाने ते परत आले, खुर्ची सरळ केली, आणि म्हणाले की आता चहा घेऊ. हे सगळं मुद्दाम होतं, म्हणाले. या कामात शेतकरी नुकसानीने पोळलेला असतो, तो शिव्या देतो, ऐकून घेत नाही, खोटारडे म्हणतो. तेव्हा माणूस आपलं उत्तर बदलतो का, आवाज चढवतो का, उठून जातो का, एवढंच आम्ही बघतो. ज्ञानाची परीक्षा मार्कपत्रकात झालेली असते. मग त्यांनी तिच्याकडे गावच्या पाऊसपाण्याची चौकशी केली. फार सज्जन माणूस आहे, असं ती मला सांगत होती.

मला हे सर्वांत जास्त लागलं. माझ्या वाट्याला त्यांचं सोंग आलं आणि तिच्या वाट्याला माणूस. आणखी थोडा वेळ बसले असते तर तो चहा माझाही होता.

मी तिला विचारलं, तुला राग कसा नाही आला. विचारलं म्हणजे जवळजवळ दरडावलं. ती भावनेत आली की अहिराणीत उतरायची. म्हणाली, ‘राग माले बी येस. पन तो माणूस माले वळखस बी नही, मंग तो माले कसा बोली? तो खुर्चीले बोली ऱ्हायंता. मी नुसती तिन्हावर बठेल व्हतू.’ खुर्चीला बोलत होता म्हणे, ही नुसती तिच्यावर बसलेली.

शेंगांची टरफलं तिने ओंजळीत गोळा केली आणि कुठे टाकायची ते शोधायला उठली. मी तशीच बसले. मला तलावात ढकलून द्यावंसं वाटत होतं, तिला की मला ते नीट ठरत नव्हतं.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. उठून आले म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. बरोबर केलं, म्हणाले, बोलावतील पाह्य. आणि खरंच वाट बघायला लागले. फोन वाजला की बागेतून ओरडून विचारत, जळगावचा आहे का? पारावर कुणी विचारलं तर म्हणत, बोलणी चालू आहेत. एका संध्याकाळी जळगावहून फोन आला, पण तो तिचा होता. तिची निवड झाली होती. रावेर आणि यावल.

माझ्या तालुक्यात ती गाडीवरून फिरायला लागली. मी रावेरला एका कृषी सेवा केंद्रात बसायला लागले, औषधं आणि बियाणं विकायला. काम वाईट नाही. पण येणारा प्रत्येक जण सांगायचा की कंपनीची ती नवी बाई फार चांगली, शांतपणे ऐकून घेते. लोक तिच्यासाठी घरची केळी, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी बांधून देत. मला वाटे, मेले, माझ्याच गावचे लोक. शहाणपणा मी शिकवायचा होता यांना. तिची बोली ऐकून सुरुवातीला हसायचे, मग तिच्यासारखं बोलून दाखवायचे, प्रेमाने. माझी बोली त्यांच्यासारखीच असल्यामुळे त्या बोलीवर प्रेम करायला कुणाला काही कारण नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात आबांनी त्याच कंपनीची रोपं लावली. मी विरोध केला. आबा म्हणाले, रोप चांगलं आहे, तुझं भांडण तुझ्याजवळ ठेव. लागवडीनंतर ढगाळ दिवस लागले, आणि एका कडेच्या ओळींत पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. हरण्याच होता. आबांनी कंपनीला फोन केला आणि काय काय बोलले ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती आली.

मी मुद्दाम सुट्टी टाकून घरी राहिले. खोटं कशाला सांगू, मला बघायचं होतं. तो ऑफिसमधला माणूस सोंग करत होता. आमचे आबा सोंग करत नाहीत. आज हिची शांती कुठवर टिकते ते दिसेल, असा माझा हिशेब होता.

आबांनी तिला गाडीवरून उतरूही दिलं नाही. तुमच्या रोपांनी माझी बाग बुडवली, इथून सुरुवात झाली. ती नमस्कार करून म्हणाली, आबा, बाग बघू. आबा म्हणाले, ‘तुले काय समजते केळीतलं? बाजरी पेरनारे लोक तुम्ही.’ ती म्हणाली, दाखवा तुम्ही, समजून घेते. बागेत ती प्रत्येक बाधलेलं झाड बघत होती, आबा तिच्या मागे बोलत होते. तिने विचारलं, शेजारी काय होतं? आबा उसळले. ‘म्हंजे माह्याच चुकी?’ ती म्हणाली, चूक कुणाची ते मी अजून म्हटलं नाही. शेजारी काय होतं तेवढंच विचारलं. शेजारी काकडी होती, आणि पट्टे काकडीच्याच बाजूला होते. ते आबांनाही दिसत होतं, म्हणून तर ते जास्त चिडत होते. त्यांनी कंपनीला, जळगावला, तिच्या गावाला, तिच्या शिक्षणाला नावं ठेवली. म्हणाले, ही डिग्री घेतली कुठून? ती पानाची खालची बाजू उलटून मावा शोधत राहिली. म्हणाली, धुळ्याला, तुमच्या मुलीबरोबर.

आबांनी खांद्यावरचा रुमाल झटकला.

हे मला पाठ होतं. राहू दे मंग, म्हणाले, आणि बांधाकडे चालायला लागले. मी तिच्याकडे बघितलं. आता तिला हाक मारावीच लागणार होती. आबा, ओ आबा, थांबा की. तसं केलं की ती व्यापाऱ्यासारखी झाली आणि आबा जिंकले. तिने हाक मारली नाही. चिडलीही नाही, गाडीकडेही गेली नाही. ती खाली बसली आणि बाधलेल्या झाडाच्या बुंध्याला खुणेची चिंधी बांधायला लागली. मग दुसऱ्या झाडाला.

आबा बांधापर्यंत पोचले. तिथे त्यांची चाल मंद झाली. माझ्या ओळखीची ती थोडी थांबण्याची तऱ्हा, दिसेल इतकी. पाठ आमच्याकडे. मीच हाक मारणार होते, तोंडापर्यंत आली होती. त्या काचेच्या दाराची मूठ मला हातात जाणवत होती.

आणि आबा वळले. कुणी न बोलावता. अख्ख्या जन्मात मी त्यांना असं वळताना पाहिलं नव्हतं. सावकाश चालत परत आले, तिच्या शेजारी उकिडवे बसले, आणि तिच्या हातातली चिंधी घेऊन म्हणाले, ‘सांग मंग, काय करा लागीन?’

तिने सांगितलं. खूण केलेली झाडं उपटून बागेबाहेर नष्ट करायची, त्यांच्या जागी रोपं देता येतील का ते ती कंपनीला विचारेल, पण मिळतीलच असं आज सांगणार नाही. माव्यासाठी फवारणी, नमुना आजच पाठवते. सगळं तेच, जे मी त्या खोलीत सांगायला सुरुवात केली होती. आबा मान डोलवत होते.

मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, ‘पोरीले चहा ठेव.’ पोरगी म्हणजे ती.

मी घराकडे निघाले. चूल, म्हणजे गॅस, पेटवला. बाहेर दोघांचं बोलणं चालू होतं, आबा तिच्या गावच्या पावसाची चौकशी करत होते. मला रडू येत होतं आणि त्याचंही कारण हेवाच होता, दुसरं काही नाही. उठून कसं जायचं ते माझ्या बापाने मला शिकवलं होतं. परत कसं यायचं असतं ते त्याने तिला दाखवलं. चहात मी साखर नेहमीएवढीच घातली आणि तीन कप घेऊन बाहेर गेले.